आटलेली उजवी बाही

आमच्या भागात कापड म्हटलं की कापूस. शेतात तोच, घराच्या कोपऱ्यात छतापर्यंत रचलेला तोच, गादीत तोच आणि अंगावरही तोच. त्यामुळे जगातलं झाडून सगळं कापड कापसासारखंच वागत असणार, असा आमच्या लोकांचा ठाम समज. माझ्या सासूबाई या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. त्यांचं माहेर पिंपळगाव राजाचं, घरी कापसाची शेती. लहानपणापासून त्या घरच्यांचे कपडे शिवत आलेल्या. कोरं कापड रात्रभर पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून, मगच कात्री लावायची हा त्यांचा नियम. "पह्यल्या पाण्यात आटते ते आटते, मंग कापड सुधरते," असं त्या म्हणायच्या, आणि ते कापडाबद्दल बोलतायत की नव्या सुनेबद्दल, हे मला लग्नानंतर बरेच दिवस कळायचं नाही.

बुलढाण्यात आमची छोटी लॉन्ड्री आहे. घराच्या पुढच्या दोन खोल्या. आमचे हे नोकरीला जातात, दुकान मी बघते. बुलढाणा घाटावर. पावसाळ्यात इथे ढग खाली उतरून गल्लीत येऊन बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत, नुसते वास धरतात. गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन मी कंटाळले आणि संभाजीनगरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून कपडे वाळवायचं जुनं मशीन आणलं. मोठा गोल पिंप, तो गरगर फिरतो, आतून गरम हवा वाहते, ओले कपडे वर जातात, खाली पडतात, वर जातात, खाली पडतात आणि कोरडे होऊन निघतात. त्याच्या बटणावरचे आकडे मात्र हॉटेलवाल्यांच्या हातांनी पार पुसलेले. कमी गरम कुठे आणि जास्त गरम कुठे, कळायला मार्ग नाही. मी ते चादरी-टॉवेलांसाठी घेतलं होतं, ते कडक तापवूनच चालवायचं, म्हणून मला आकड्यांची गरजही पडली नाही.

सासूबाईंनी मशीनचं नाव भट्टी ठेवलं. आधी महिनाभर त्यांनी भट्टीला नावं ठेवली. मशीनच्या जाळीवर जमणारा कापसाचा थर बोटाने खरवडून मला दाखवायच्या. "पाह्य, कापड झिजून राह्यलं. असंच चाललं तं गिऱ्हाइकाले नुसती शिवण वापस देशीन तू." आणि मग श्रावणातल्या एका भिजक्या दुपारी मशीनमधून निघालेला गरम टॉवेल त्यांनी दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला. तिथून पुढे भट्टी त्यांची झाली. मला माझ्याच मशीनसाठी त्यांची परवानगी घ्यायची वेळ आली.

स्वेटरचं प्रकरण त्याच सुमारास घडलं. ह्यांचा एक बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर होता, अस्सल लोकर, लग्नाआधीपासूनचा. पावसाळ्यात बुलढाण्याला तो लागतोच. सासूबाईंनी तो हाताने धुतला, आणि टॉवेलांबरोबर ओलाच्या ओला भट्टीत टाकला. बाहेर निघाला तो चार वर्षांच्या पोराला झाला असता. जाड, टणक, विणीचे टाके दिसेनात. घोंगडीच्या तुकड्यासारखा लागत होता हाताला.

सासूबाई घाबरल्या नाहीत. कापूस आटला की काय करायचं हे त्यांना पाठ होतं. स्वेटर परत भिजवला, दोन्हीकडून ओढला, मला एका टोकाला धरायला लावलं. मग ओला असतानाच इस्त्री. कापसाचा कुर्ता असता तर बोटभर तरी परत आला असता. स्वेटर हलायला तयार नाही. "एकदा आटला ना, आता आखीन नाही आटनार," असं म्हणून त्यांनी तो वाळवायला पुन्हा भट्टीतच टाकला. या खेपेला तो चार वर्षांच्या पोरालाही होईना.

हे संध्याकाळी घरी आले, स्वेटर हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "फोन ठेवाले बरा हाय."

मला मात्र चैन पडेना. दुकान माझं, उद्या गिऱ्हाइकाची शाल अशी झाली तर? मी फोनवर वाचलं, व्हिडिओ पाहिले, जुन्या लॉन्ड्रीवाल्यांना विचारलं, आणि हळूहळू उमगलं ते असं. सूत मागावर ताणून बसवलेलं असतं. पुढे रंगवताना, गुंडाळताना आणखी ताणतात. ते ओलं झालं की फुगतं, ताण सोडतं आणि आपल्या मूळ जागी जाऊन बसतं. दोरीवर कापडाला स्वतःचं वजन तरी ओढून धरतं. मशीनमध्ये त्याला कुणीच धरत नाही, त्यामुळे उरलासुरला ताणही सुटतो. म्हणून पाण्यातून काढलेलं सुती कापडसुद्धा भट्टीत थोडं आणखी आटतं. पण ताण संपला की संपलं. दोन-चार धुण्यांत ते थांबतं, आणि ओलं करून ओढलं तर थोडं ऐकतंही.

लोकर म्हणजे केस. त्या केसावर बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेला वळलेले. लहानपणी आम्ही गवताचं कुसळ एकमेकींच्या बाहीत सोडायचो. ते हललं की वरच सरकतं, कितीही झटका, खाली येत नाही. लोकरीचे केस ओले आणि गरम असताना आपटले, घुसळले की अगदी तसेच एकमेकांत पुढे पुढे सरकतात आणि अडकून बसतात. मागे येणं त्यांना माहीत नाही. आणि जितक्या वेळा घुसळाल तितक्या वेळा ते आणखी घट्ट होतात, थांबत नाहीत. सासूबाईंना मी कुसळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी स्वेटर उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "म्हंजे तो मेंढराचा स्वभाव हाय. एक घुसलं का समदे मांगं."

याच्याहून नीट मला सांगता आलं नसतं, म्हणून मी वाद घातला नाही.

आमच्या गल्लीत त्या स्वेटरची बरीच करमणूक झाली. शेजारणी येऊन बघून गेल्या. सासूबाईही जो येईल त्याला तो काढून दाखवायच्या. आटलेली वस्तू डोळ्यांना दिसते, तिच्यावर हसता येतं, रडता येतं. त्या पावसाळ्यात घरात दुसरंही काही बिघडत होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं.

माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण, तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिचं सासर बीबी गावचं. अकोल्याला तिचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. पुढचे उपचार आटोपले होते, तपासण्या चांगल्या आल्या होत्या. पण काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर जायची वाट अडते आणि हात सुजू शकतो, हे तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी समजावून सांगितलं होतं. ताईचा उजवा हात तेव्हाच किंचित सुजला होता. व्यायाम करून, पट्ट्या बांधून तो उतरवला, आणि तो तसाच राहावा म्हणून मापाचा एक घट्ट मोजा दिला. मनगटापासून दंडापर्यंत येणारा, अंगाच्या रंगाचा. दिवसभर घालायचा, संध्याकाळी काढून हाताने धुवायचा, सकाळी परत घालायचा. बीबीला व्यायाम, विश्रांती कुठली? घरात माणसं, गोठा, शेत. म्हणून दिवाळीपर्यंत माहेरी राहायचं ठरलं. दिवाळीला परत जायचं आणि तोवर हात राखायचा. ताईच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिची सून दिवाळीच्या सुमारास बाळंत होणार होती. "नातवाले हातात घ्याले उजवा हात पायजे माह्या," असं ती हसत म्हणायची. पण मॅडमनी सांगितलेलं दुसरं वाक्य तिने कधी हसत सांगितलं नाही. हात पुन्हा फुगला आणि वेळेवर धरला तर उतरतो. उशीर झाला तर तो जड होत जातो, घट्ट होतो, मग पूर्वीसारखा होत नाही.

तो मोजा चढवणं म्हणजे रोज सकाळची लढाई. ताई खाटेवर बसायची, सासूबाई वरून ओढायच्या, मी खालून सुरकुत्या काढायची. ताई "माय वं, हळू" म्हणून कळवळायची. एकदा चढला की मोजा हाताला असा धरायचा की दंडावर काठाचा ठसा उमटायचा. सासूबाईंना लेकीचे ते हाल बघवायचे नाहीत. मोजा चढवून झाला की त्या तडक देवघरापुढे जाऊन बसायच्या आणि काय पुटपुटायच्या कोण जाणे. मी एकदा कान देऊन ऐकलं. देवाला शिव्या देत होत्या.

मोज्याची पथ्यंही होती. पिळायचा नाही, आपटायचा नाही, उन्हात वाळवायचा नाही. सावलीत, पसरून. सासूबाईंनी ही पथ्यं अक्षरशः पाळली. पण श्रावणात सावलीत वाळायला टाकलेलं सकाळपर्यंत वाळतं कुठे? सकाळी मोजा दमट असायचा. दमट मोजा घातला की ताईला कातडीवर खाज सुटायची. एक-दोनदा तर तिने दुपारपर्यंत घातलाच नाही. दुसरा मोजा मागवायचा तर माप द्यायला अकोल्याला जायचं, तो बनून यायला वेळ. सासूबाईंना त्यावर सोपा तोडगा सुचला. संध्याकाळची टॉवेलांची शेवटची खेप भट्टीत जायची, त्यात मोजा टाकायचा.

ऊन तर नव्हतंच. मशीन घरात, घरात सावली. पथ्य मोडलं असं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. कोरडा, ऊबदार मोजा टॉवेलांतून निघायचा तो काही आटलेला नसायचा. आमची सगळ्यांची नजर आटण्यावरच होती. स्वेटरने आम्हाला तेवढंच शिकवलं होतं. आटलं नाही ना, मग बरं.

उलट मोजा सुधारला असं वाटायला लागलं. आठवड्यागणिक तो सोपा होत गेला. आधी दोघी लागायच्या, मग एकटीने भागायला लागलं. पोळ्याच्या दिवशी सकाळी मी पुरणाच्या गडबडीत होते आणि ताई स्वतःच मोजा चढवून स्वयंपाकघरात आली, हात पुढे करून उभी राहिली. "पाह्य वं, माह्या मी घातला!" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऊब लागते ना, नरम पडला तो," म्हणाल्या. "नवा जोडा चावते, मंग चावत नाही. तसंच हाय हे." आम्ही तिघींनी मिळून आनंद केला.

ताई आली तेव्हाच सासूबाईंनी लेकीला दोन सुती ब्लाउज शिवले होते. कापड नियमाप्रमाणे पाण्यातून काढून, बाह्या जरा सैल ठेवून, शिवणीत आत भरपूर कापड राखून. पोळ्यानंतर काही दिवसांनी ताईला त्यातला एक उजव्या बाहीत आवळायला लागला. सासूबाईंनी भट्टीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पाण्यातून काढलं होतं, तरी आटोलं मेलीनं." सुती कापड भट्टीत आणखी आटतं हे मीच त्यांना शिकवलं होतं, त्यामुळे मला काही बोलायला जागा नव्हती. त्यांनी उजव्या बाहीची शिवण उसवली, आतलं राखलेलं कापड सोडलं, टीप मारली. बाही बसली.

गौरीच्या सणाला महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी बाही पुन्हा आवळली. दुसराही ब्लाउज तसाच. सासूबाईंनी पुन्हा उसवली. आता आत कापड उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बसस्टँडजवळच्या लॉजचा मॅनेजर तणतणत दुकानात आला. त्यांच्या गाद्यांच्या चादरींना कडेने इलॅस्टिक लावलेलं, गादीला घट्ट बसावं म्हणून. पावसाळाभर त्या माझ्याकडे धुऊन भट्टीतून निघत होत्या. त्याने एक चादर माझ्यासमोर टाकली. "वहिनी, हे काय करून राह्यल्या तुम्ही? एकीकून चादर आखूड झाली, गादीले पुरत नाही. अन् जे पुरते ते धरत नाही. मानसानं कूस बदलली का चादर त्याच्यासंगं खाली!"

मी भांडायच्या तयारीने चादर उचलली. गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय माझा दिवस जात नाही हे गल्लीला ठाऊक आहे. पण हातात घेतल्यावर मी भांडण विसरले. कापड आटलं होतं हे खरंच. आणि कडेचं इलॅस्टिक लाटेसारखं वेडंवाकडं झालं होतं. मी ते ओढलं. ते लांब झालं आणि लांबच राहिलं. हळूच, म्हाताऱ्या माणसासारखं थोडं मागे आलं आणि थांबलं. कान लावून ओढलं तर आतल्या रबराचे धागे बारीक कुरकुरले. एकाच चादरीत, एकाच उष्णतेने, कापड आवळलं होतं आणि रबर सुटलं होतं.

मॅनेजर बोलत राहिला. मी त्याला "इलॅस्टिक बदलून देते, आता गप बसा" असं काहीतरी म्हणाले. मग मी दुकानात पडलेले दुसरे कपडे काढून बघत बसले. एका गिऱ्हाइकाची ट्रॅकपॅन्ट, पॉलिस्टरची. कापड जराही आटलेलं नाही, पॉलिस्टर सहसा आटत नाही. पण ती गरम असताना ढिगाऱ्यात तशीच पडून राहिल्याने तिच्या गुडघ्यावर आडव्या चुण्या पडल्या होत्या आणि त्या इस्त्रीलाही जुमानत नव्हत्या. उष्णतेत असला धागा मऊ होतो आणि ज्या स्थितीत थंड होईल ती स्थिती धरून बसतो. ॲक्रिलिकचा एक स्वेटर होता, लोकरीसारखाच दिसणारा. तो तर आटायच्या ऐवजी लोंबून गुडघ्याला टेकायला आला होता, अंगात जीव नसल्यासारखा. एकाच भट्टीत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. आटणं ही त्यातली एकच, तीही काहींची. आणि आम्ही सगळं घर तेवढ्या एकाच तऱ्हेवर पहारा देत बसलो होतो.

मी आत गेले. ताई अंघोळीला गेली होती. खाटेवर तिचा मोजा पडला होता आणि शेजारी दोन्ही ब्लाउज.

मोजा मी दोन्ही हातांनी ताणला आणि सोडला. चादरीच्या इलॅस्टिकसारखं लाटालाटांचं काही नव्हतं. वरून तो अगदी चांगला दिसत होता. पण तो सावकाश मागे आला, आणि पुरता आला नाही. मला पहिल्या आठवड्यातला मोजा आठवला. तेव्हा तो बोटातून निसटला की फाटकन हातावर बसायचा. त्यातला ताणणारा धागा रबराचा नाही, कृत्रिम आहे, बारीक आणि न दिसणारा. पण उष्णतेचं त्याला रबराइतकंच वावडं. रोज रोज तापून तो मागे येणं विसरत जातो. तो दुखणं दाखवत नाही, तुटत नाही, आटत नाही. फक्त धरणं सोडतो.

मग मी ब्लाउज उचलला. दुसरा, ज्याची उजवी बाही त्या दिवशी सकाळीच उसवली होती आणि अजून शिवली नव्हती. सासूबाईंचा टेप आणला. डाव्या बाहीचं कापड मोजलं. मग उजवीची टीप जिथे होती तिथल्या सुईच्या भोकांवरून मोजलं, म्हणजे मूळ शिवली तेवढी. दोन्ही सारख्या. एका बोटाचाही फरक नाही.

मी खाटेवर बसले. डोक्यात सगळं एकदम आलं. भट्टी काय उजवी-डावी बघते? ब्लाउज आटला असता तर दोन्ही बाह्यांत आटला असता. ताईला डावी कधीच आवळली नव्हती. आणि सुती कापड दोन-चार धुण्यांत आटून थांबतं, हे उसवून सैल केल्यावरही आवळतच होतं. कापूस असा वागत नाही. बाही आटली नव्हती. हात वाढला होता.

आम्हाला ते सुचलं नाही याचं कारण अडाणीपणा नव्हता. ताईच्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. कापड आटलं म्हणणं सोपं होतं, आम्हाला ते म्हणायचं होतं.

सासूबाई मागच्या ओसरीत लसूण सोलत होत्या. ताईच्या आधी त्यांना सांगायचं ठरवलं. त्यांच्यासमोर ब्लाउज पसरला आणि दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या, उजवी जुन्या टिपेवर दुमडून वर, डावी खाली, काठाला काठ.

"काय दाखवून राह्यली?" त्या म्हणाल्या.

"आई, बाही आटली नाही."

त्यांनी आयुष्यभर कपडे बेतले होते. एकच नजर टाकली. लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली. मग मी मोजा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ताणला, सोडला, पुन्हा ताणला. त्यांनी मोजा मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला, इस्त्री करावी तसा, आणि म्हणाल्या, "भट्टीत मी टाकला."

माझी जीभ कशी आहे ते मी सांगितलंच. लग्नापासून त्यांच्याशी मी किती भांडले त्याला गणती नाही. आता मात्र त्यांनी खालचा ओठ दातांत धरला होता. मला त्यांची फार दया आली. मी लसणाचं ताट माझ्याकडे ओढलं आणि सोलायला बसले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघी अकोल्याला गेलो. ताईला बसमध्ये सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. डाव्या हाताने उजवा दंड दाबून बघत होती. मग म्हणाली, "मले वाटून राह्यलं होतं जड लागते म्हणून. म्हटलं कामानं लागत असंन."

मॅडमनी दोन्ही हात टेपने ठिकठिकाणी मोजले. उजवा बराच वाढला होता, पण कातडी दाबली की खळगा पडत होता, म्हणजे अजून मऊ होता. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. मोजा बघून त्यांनी विचारलं, "हा कुठे वाळवता?" सासूबाई उत्तर द्यायला उभ्या राहिल्या. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं, भट्टी, टॉवेल, ऊन नव्हतं, सावली होती, सगळं. मॅडम ऐकून शांतपणे म्हणाल्या, "आजी, मी ऊन सांगितलं. मशीनचं सांगायला पाहिजे होतं. यापुढे सगळ्यांना सांगेन."

सुजलेल्या हातावर नवा मोजा लगेच देता येत नाही. आधी हात उतरवावा लागतो. रोज पट्ट्यांचे थरावर थर बांधायचे, बोटांपासून वर. मॅडमनी मला शिकवलं, आणि सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून बघून माझ्या आधी शिकून घेतलं. नवरात्र त्या पट्ट्यांतच गेलं. सासूबाईंनी त्या दिवसांत भट्टीला हात लावला नाही. टॉवेल मीच काढायची. गरम टॉवेल मी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवायला गेले तर त्यांनी तो बाजूला सारला. त्यांचं जेवण घटलं. एके दुपारी पट्ट्या बांधताना ताईनेच तो विषय काढला.

"माय, तू काऊन अशी मनाले लावून घेऊन राह्यली?"

"माह्या हातानं तुह्या हात बिघडला."

"दमट असता तं मी घातलाच नसता तो," ताई म्हणाली. "तू रोज सुकवून देत होती म्हणून मी रोज घालत होती."

सासूबाईंनी पट्टी अर्ध्यावर सोडून लेकीचं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि पुष्कळ वेळ धरून ठेवलं. मी तिथून उठून दुकानात गेले, पुढे बसून रडले आणि आलेल्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसले.

हात उतरला. अगदी डाव्यासारखा नाही झाला, पण मॅडमना हवा तेवढा झाला. पुन्हा माप घेतलं. दिवाळीच्या आधी नवे मोजे आले, या खेपेला दोन, एक धुण्यात आणि एक हातावर.

पहिला मोजा घालायच्या सकाळी ताई खाटेवर बसली. सासूबाईंनी वरून धरला, मी खालून. ओढला. मनगटावरच अडला. पुन्हा ओढला, कोपरापर्यंत आला आणि पुढे येईना. ताई कळवळली, "माय वं, हळू! चढून नाही राह्यला!"

सासूबाईंनी ओढायचं थांबवलं. मोज्याचा काठ त्यांनी बोटाने ताणला आणि सोडला. तो फाटकन ताईच्या कोपरावर बसला. त्यांनी पुन्हा ताणला, पुन्हा सोडला. ताई ओरडली, "दुखते ना!"

"दुखू दे," सासूबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी मोजा सोडला नाही. "दुखू दे वं बाई. धरून राह्यला तो."